सोसायटीच्या मेंटेनन्सच्या वहीतून फ्लॅटवार, महिनावार तक्ता कसा काढायचा?

कळंबा_रोड

नमस्कार मंडळी. कळंब्याकडे आमची २४ फ्लॅटची सोसायटी आहे, अ आणि ब अशा दोन विंग. यंदा खजिनदारकी माझ्याकडे आली आणि तिच्याबरोबर आधीच्या खजिनदारांची जाड वही. वही स्वच्छ आहे, अक्षर सुरेख आहे, एक पावती चुकलेली नाही. पण सगळं तारखेप्रमाणे लिहिलंय. आज कोण आलं, किती दिले, पावती फाडली, पुढची ओळ.

आता सभासद विचारतात, "माझे कुठले महिने भरलेत आणि कुठले राहिलेत?" सप्टेंबरअखेर वार्षिक सभा घ्यायची आहे, त्याआधी मला प्रत्येकासमोर एक तक्ता ठेवायचाय: फ्लॅट नंबर, महिना, भरलेली रक्कम. तीनच रकाने.

अडलंय कुठं ते सांगतो. ब-६ च्या २०२२-२३ मधल्या नोंदी वहीत आहेत तशा देतो:

१२/६/२२, पावती ११८, ब-६, मेंटेनन्स एप्रिल ते जून, १८००
५/११/२२, पावती १६३, ब-६, मेंटेनन्स, २०००
२०/३/२३, पावती २०९, ब-६, बाकीपैकी, ३०००

दर एप्रिलपासून महिना ६०० होता, ऑक्टोबरपासून ८०० झाला. पहिली ओळ सोपी आहे. पण ते २००० कुठल्या महिन्यांचे धरायचे? ३००० कुठल्या? आणि अशा ओळी वहीत ठिकठिकाणी आहेत.

मंगळवार_पेठ

भावा, एवढं काय अवघड नाही. सगळ्या ओळी एक्सेलमध्ये मार, वर पिव्होट टेबल टाक. फ्लॅट रोमध्ये, तारखेचा महिना कॉलममध्ये, रक्कम बेरजेत. तक्ता तयार. आमच्या तालमीच्या वर्गणीचा हिशेब मी असाच काढतो.

खतावणी_काका

मंगळवार पेठ, वर्गणीला तुमची पद्धत बरोबर आहे, कारण वर्गणी ज्या दिवशी दिली त्या दिवसाची. मेंटेनन्सला तसं नाही. तुमच्या पिव्होटमध्ये ब-६ च्या समोर जूनमध्ये १८००, नोव्हेंबरमध्ये २०००, मार्चमध्ये ३००० आणि बाकीचे नऊ महिने कोरे दिसतील. सभेत ते बघून लोक म्हणतील, या माणसानं नऊ महिने भरलेच नाहीत. प्रत्यक्षात त्याचे दोनच महिने राहिलेत. पैसे आले तो महिना वेगळा आणि ज्याचे आले तो महिना वेगळा. वहीत पहिला आहे, सभासद दुसरा विचारतोय.

मी बरीच वर्षं सोसायट्यांची दप्तरं लिहिली आहेत, त्यावरून कळंबा रोडना सांगतो. वहीतून थेट तक्ता काढू नका. आधी दोन याद्या करा. एक येण्याची यादी: कुठल्या फ्लॅटकडून कुठल्या महिन्याचे किती येणं होतं. ही वहीत सापडणार नाही, सभेच्या ठरावातून येते, कारण दर तिथं ठरतो. दुसरी जमेची यादी: पावती नंबर, तारीख, फ्लॅट, रक्कम. ही वहीतून जशीच्या तशी उतरवायची, अक्षरही न बदलता. तुम्हाला हवा असलेला तक्ता म्हणजे जमेतला कुठला रुपया येण्यातल्या कुठल्या महिन्यावर बसला त्याची नोंद.

आणि तीन रकाने पुरणार नाहीत. चौथा पावती नंबरचा लागेल. का, ते ब-६ वरच बघा. जुन्यात जुनी बाकी आधी फेडायची असं धरलं तर १८०० मध्ये एप्रिल, मे, जून संपले. २००० मधून जुलै, ऑगस्ट, सप्टेंबरचे प्रत्येकी ६०० गेले, उरले २००. ते ऑक्टोबरचे. मग मार्चमध्ये आलेल्या ३००० मधून आधी ऑक्टोबरचे राहिलेले ६००, मग नोव्हेंबर, डिसेंबर, जानेवारीचे ८०० प्रमाणे २४००. तीन हजार बरोबर संपले. तक्ता मधून असा दिसेल:

| फ्लॅट | महिना | भरलेली रक्कम | पावती |
|---|---|---|---|
| ब-६ | सप्टेंबर २२ | ६०० | १६३ |
| ब-६ | ऑक्टोबर २२ | २०० | १६३ |
| ब-६ | ऑक्टोबर २२ | ६०० | २०९ |
| ब-६ | नोव्हेंबर २२ | ८०० | २०९ |

ऑक्टोबर दोनदा आलाय. पावती नंबर नसेल तर कुणीतरी ती दुबार नोंद समजून एक ओळ पुसून टाकेल, आणि ताळा कायमचा बिघडेल. वर्षाचं येणं ८४००, जमा ६८००, बाकी १६००, म्हणजे फेब्रुवारी आणि मार्च.

फुलेवाडी_नाका

माझ्या मते मूळ मुद्दाच वेगळा आहे. सगळ्यांना ६०० किंवा ८०० असा सारखा दर लावणंच चूक आहे. मोठ्या फ्लॅटला जास्त आणि छोट्याला कमी पाहिजे. आमच्याकडे चौरस फुटांवर आकारणी आहे. आधी ते दुरुस्त करा, मग तक्ते काढा.

खतावणी_काका

फुलेवाडीकर, तुमची बहुधा अपार्टमेंट कायद्याखालची असोसिएशन असेल. १९७० च्या त्या कायद्यात घोषणापत्रात प्रत्येकाचा अविभक्त हिस्सा टक्क्यांत दिलेला असतो आणि सामाईक खर्च त्या हिश्शाप्रमाणे वाटतात. कोल्हापुरात अशा इमारती पुष्कळ आहेत, त्यामुळे हा घोळ नेहमी होतो. सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या आदर्श उपविधीत सेवाशुल्क सगळ्या फ्लॅटना सारखं असतं. पण दर कसा ठरवावा हा इथला प्रश्नच नाही. तुमच्याकडे चौरस फुटांवर आकारणी असली तरी येण्याच्या यादीत प्रत्येक फ्लॅटसमोर वेगळा आकडा येईल एवढाच फरक. पुढचं काम तेच.

शाहूपुरी_शीट

काकांनी जे हातानं करून दाखवलं ते सूत्रानं होतं, आणि सूत्र एका ओळीचं आहे.

कल्पना अशी. ब-६ चं येणं एका पट्टीवर मांडा: शून्यापासून ६०० पर्यंत एप्रिल, ६०० ते १२०० मे, असं करत ३६०० ते ४४०० ऑक्टोबर. तशीच जमेची पट्टी मांडा: शून्य ते १८०० पावती ११८, १८०० ते ३८०० पावती १६३, ३८०० ते ६८०० पावती २०९. आता दोन्ही पट्ट्या एकमेकींवर ठेवल्या की कुठल्या पावतीचा कुठला तुकडा कुठल्या महिन्यावर येतो ते दिसतं. तो तुकडा मोजायचा.

शीटमध्ये रकाना A मध्ये फ्लॅट, B मध्ये पावती, C मध्ये रक्कम ठेवा. पावत्या आधी फ्लॅटप्रमाणे आणि मग तारखेप्रमाणे लावून घ्या, हे महत्त्वाचं. तिसऱ्या ओळीत F पासून पुढे महिने. त्यांच्यावर पहिल्या ओळीत तो महिना सुरू होण्याआधीपर्यंतचं एकूण येणं, दुसऱ्या ओळीत तो महिना धरून एकूण येणं. मग चौथ्या ओळीत:

```
D4:  =IF($A4=$A3,$E3,0)
E4:  =D4+C4
F4:  =MAX(0,MIN(F$2,$E4)-MAX(F$1,$D4))
```

D म्हणजे ही पावती येण्याआधी त्या फ्लॅटची एकूण जमा, E म्हणजे ती धरून. फ्लॅट बदलला की D आपोआप शून्यावर येतो. F4 उजवीकडे मार्चपर्यंत आणि खाली शेवटच्या पावतीपर्यंत ओढा. ऑक्टोबरच्या रकान्यात पावती १६३ समोर ४४०० आणि ३८०० मधलं लहान ३८००, ३६०० आणि १८०० मधलं मोठं ३६००, वजाबाकी २००. काकांचा आकडा तोच.

दर सगळ्यांना सारखा असेल तर वरच्या दोन ओळी सगळ्या २४ फ्लॅटना चालतात. ज्यांचं येणं वेगळं आहे त्यांची शीट वेगळी ठेवा.

कळंबा_रोड

शाहूपुरी, लई उपकार. ब-६ तंतोतंत आला. पण हा तर आडवा पसरलेला तक्ता झाला, महिने डोक्यावर. मला एकाखाली एक ओळी हव्यात. शिवाय माझ्याकडे एक्सेल नाही, गुगल शीट आहे.

शाहूपुरी_शीट

एक्सेल असतं तर `Data` मधून `From Table/Range`, मग C, D, E हे रकाने तिथं काढून टाकायचे आणि फ्लॅट व पावतीचे रकाने निवडून `Unpivot Other Columns`. गुगल शीटला नव्या टॅबमध्ये हे टाका. पहिल्या टॅबचं नाव `vahi` धरलंय:

```
=ARRAYFORMULA(SPLIT(FLATTEN(
 vahi!A4:A200&"|"&vahi!B4:B200&"|"&
 vahi!F3:Q3&"|"&vahi!F4:Q200),"|"))
```

२०० च्या जागी तुमच्या शेवटच्या पावतीची ओळ टाका. महिन्याच्या जागी 44652 असा आकडा दिसला तर दचकू नका. ती १ एप्रिल २०२२ आहे, शीट तारखा आत तशाच ठेवतं. त्या रकान्याला तारखेचं स्वरूप द्या. मग रक्कम शून्य असलेल्या ओळी फिल्टरनं काढून टाका.

महिना मात्र "एप्रिल" असा मजकूर म्हणून लिहू नका, १/४/२०२२ अशी खरी तारीख टाका आणि दिसायला महिना-वर्ष दिसेल असं करा. नाहीतर दुसऱ्या वर्षाचा डेटा जोडलात की दोन्ही एप्रिल एकात मिसळतील, आणि क्रम लावला की ऑक्टोबर ऑगस्टच्या आधी बसेल.

नागाळा_पार्क_ताई

मी हे सगळं वेगळ्या कारणानं केलं होतं, म्हणून लिहिते. २०२१ च्या जुलैच्या पुरात आमच्या तळमजल्यावर पाणी आलं आणि ऑफिसच्या कपाटातली वही भिजली. शाई पसरली, कित्येक पानं एकमेकांना चिकटली. पावतीपुस्तकं मात्र सचिवांच्या घरी दुसऱ्या मजल्यावर होती. त्यांच्या स्थळप्रतींवरून आम्ही जमेची यादी पुन्हा उभी केली, आणि त्यात फायदाच झाला. वहीत "मेंटेनन्स" एवढंच लिहिलेलं असायचं, स्थळप्रतीवर मात्र बऱ्याचदा "जाने ते मार्च" असं बारीक अक्षरात असायचं. कळंबा रोड दादा, तुमच्या पावती १६३ ची स्थळप्रत आधी काढून बघा. तिच्यावर महिने असतील तर अंदाज लावायची गरजच नाही.

दुसरं असं की पुरानंतर आमच्या सभेनं तळमजल्याच्या फ्लॅटना दोन महिन्यांचा मेंटेनन्स माफ केला होता. ज्यांनी आमचा पहिला तक्ता केला त्यांनी ते महिने "भरले ०" म्हणून दाखवले, आणि ज्यांच्या घरात पाणी शिरलं होतं तेच लोक थकबाकीदारांच्या यादीत गेले. फार मनाला लागलं होतं ते सगळ्यांच्या. माफी ही येण्याच्या यादीत लिहायची, त्या फ्लॅटला त्या महिन्याचं येणं शून्य. जमेच्या बाजूला काही लिहायचं नाही.

मंगळवार_पेठ

ताई, हे पटलं. आमच्याकडे तेव्हा पाणी आलं नव्हतं, त्यामुळे असं काही डोक्यातच आलं नाही. पण मग एक विचारतो. न भरलेले महिने या तक्त्यात दिसणारच नाहीत ना? शून्याच्या ओळी तर काढून टाकायला सांगितल्या.

शाहूपुरी_शीट

बरोबर पकडलंत. हा तक्ता फक्त भरलेल्या रकमांचा. राहिलेले महिने येण्याच्या यादीतून हा वजा केल्यावर मिळतात. प्रत्येक फ्लॅट आणि महिन्यासमोर तक्त्यातली बेरीज `SUMIFS` नं आणायची आणि येण्यातून वजा करायची.

ज्यांची वही आधीच आडवी आहे, म्हणजे फ्लॅट खाली आणि महिने डोक्यावर अशी रजिस्टरं, त्यांनी इथं जपावं. एक्सेलचं `Unpivot` कोऱ्या चौकटी न सांगता गाळून टाकतं. ज्यानं महिना भरला नाही त्याची ओळच तयार होत नाही. एखाद्यानं वर्षभर काहीच भरलं नसेल तर तो फ्लॅट तक्त्यातून अख्खा गायब, आणि तक्ता दिसतो अगदी सुरेख. फ्लॅट मोजा. इमारतीत २४ आणि तक्त्यात २३ भरले तर हेच झालंय.

कळंबा_रोड

ताई, तुमचं ऐकून स्थळप्रती काढल्या. १६३ वर काहीच नाही, पण अ-२ च्या एका पावतीवर "जानेवारी ते मार्च" असं स्पष्ट आहे. आणि त्यांचे ऑगस्ट-सप्टेंबर तेव्हा राहिलेले होते. सूत्रानं ते पैसे ऑगस्टवर टाकले. आता काय खरं?

खतावणी_काका

पावतीवर लिहिलंय ते खरं. भारतीय करार कायद्याची ५९ ते ६१ ही कलमं नेमकी यासाठी आहेत. देणाऱ्यानं कशासाठी देतोय ते सांगितलं आणि तुम्ही ते घेतलंत, तर तिथंच जमा धरायचं. त्यानं काही सांगितलं नसेल तर घेणाऱ्याला ठरवता येतं. दोघांनीही काही ठरवलं नसेल तर जुन्यात जुनं आधी. म्हणजे शाहूपुरीचं सूत्र हा शेवटचा पर्याय आहे, पहिला नाही.

कामाचा क्रम असा ठेवा. ज्या पावत्यांवर महिने लिहिलेत त्या आधी हातानं बसवा. त्या पावत्या सूत्राच्या यादीतून काढा, आणि त्या फ्लॅटच्या येण्यातून ते महिनेही काढा. मग अ-२ च्या येण्याच्या पट्टीवर जानेवारी ते मार्च शून्य लांबीचे होतील आणि सूत्र त्यांना हात लावणार नाही. उरलेल्या पावत्या उरलेल्या महिन्यांवर बसतील. अ-२ ला यासाठी वेगळी शीट लागेल, इलाज नाही.

उद्यमनगर_वसुली

काका, यात एक भर. आमच्या सोसायटीत बाकीवर व्याज आहे. आलेल्या पैशातून आधी व्याज वळतं करायचं आणि मग मुद्दल, असंच आम्ही करतो. तसं केलं तर ब-६ चे ३००० जानेवारीपर्यंत पोचणारच नाहीत.

खतावणी_काका

थकबाकीवर उपविधीतल्या मर्यादेपर्यंत सरळव्याज लावता येतं, हे खरं. पण तुमच्या सभेनं दर ठरवला होता का आणि बिलात ते व्याज दाखवलं होतं का, हे आधी बघा. वहीत व्याजाचा उल्लेख नसताना तक्ता करणाऱ्यानं मागाहून व्याज कापून मुद्दल कमी जमा दाखवणं मला योग्य वाटत नाही. मी व्याज वेगळ्या रकान्यात ठेवीन.

उद्यमनगर_वसुली

बिलात दाखवतो आम्ही. आणि वसुलीच्या दाखल्यासाठी अर्ज करायची वेळ आली तर व्याजासकटचाच उतारा जोडावा लागतो. आता ती तरतूद सहकारी संस्था कायद्याच्या १५४ब-२९ मध्ये आहे, पूर्वी कलम १०१ खाली जायचो. आधी मुद्दल फेडून घेतलं तर व्याज लोंबकळत राहतं, ते कुणी देत नाही. मी माझ्या मतावर ठाम आहे.

खतावणी_काका

ठीक आहे, तुमच्याकडे बिलात असेल तर तुमचा मुद्दा टिकेल. कळंबा रोडच्या वहीत व्याजच नाही, त्यामुळे त्यांना तो लागू नाही. दोन्ही प्रकारे करता येतं, पण कुठला नियम वापरला ते तक्त्याच्या डोक्यावर लिहा.

कळंबा_रोड

दोन अडचणी एकदम. पहिली: अ-९ चा तक्ता वहीपेक्षा ८०० जास्त दाखवतोय. बाकी सगळे फ्लॅट जुळले. दुसरी: काही रकमा बेरजेतच येत नाहीत. डोळ्यांना आकडा दिसतो, बेरीज त्याला धरत नाही.

शाहूपुरी_शीट

दुसरी सोपी. त्या रकमा कुणीतरी देवनागरी अंकांत टाइप केल्यात का बघा. शीटच्या दृष्टीनं "८००" हा मजकूर आहे, आकडा नाही. ओळखायची खूण अशी की आकडे चौकटीत उजवीकडे चिकटतात आणि मजकूर डावीकडे. शोधा-आणि-बदला वापरून ० पासून ९ पर्यंत एकेक अंक बदलून घ्या.

त्याच वेळी फ्लॅट नंबरचा रकानाही तपासा. ब-६, ब ६, B6, बी-६ हे सगळे शीटला वेगवेगळे फ्लॅट आहेत, आणि माझ्या सूत्रात फ्लॅट बदलला की जमा शून्यावर जाते. ज्यांचे नंबर ३-४ असे नुसत्या अंकांचे आहेत त्यांनी टाइप करण्याआधी रकाना साध्या मजकुराचा करून ठेवा, नाहीतर शीट त्याची तारीख करून टाकतं. वरचं `SPLIT` सुद्धा तोच उद्योग करतं, म्हणून अशांनी नंबरापुढे विंगचं अक्षर जोडावं.

अ-९ च्या ओळी टाका बघू.

कळंबा_रोड

१० ऑक्टोबर, ८००. ४ नोव्हेंबर, ८००. ९ नोव्हेंबर, वजा ८००, "चेक परत". २ डिसेंबर, १६००. त्याआधीचं सगळं भरलेलं आहे.

शाहूपुरी_शीट

सापडलं. परत आलेल्या चेकची वजा ओळ सूत्राला झेपत नाही. नोव्हेंबरच्या चेकनं जमा ५२०० पर्यंत गेली, वजा ओळीनं ती पुन्हा ४४०० वर आली, पण त्या वजा ओळीसमोर तक्त्यात शून्यच येतं, कारण सूत्रात शून्याखाली जायला बंदी आहे. मग डिसेंबरचे १६०० पुन्हा ४४०० पासून सुरू झाले आणि नोव्हेंबर महिना दोनदा भरला गेला. म्हणून ८०० जादा.

जमेच्या यादीत दोन्ही ओळी राहू द्या, पण सूत्राच्या शीटमधून परत आलेला चेक आणि त्याची वजा ओळ ही जोडी एकत्र बाहेर काढा. वहीतून काही पुसायचं नाही.

खतावणी_काका

ताळा घेतलात म्हणून हे दिसलं. तो दोन पातळ्यांवर घ्या. प्रत्येक पावतीच्या तुकड्यांची बेरीज पावतीच्या रकमेइतकी हवी. कमी आली तर उरलेले पैसे मार्चच्या पुढे गेलेत, म्हणजे तो आगाऊ भरणा आहे, पुढच्या वर्षाचे महिने जोडा. आणि पूर्ण तक्त्याची बेरीज कीर्दीतल्या मेंटेनन्सच्या एकूण जमेइतकी हवी. इथं लोक फसतात, कारण कीर्दीत हस्तांतर फी, पार्किंग, टेरेसचं भाडं, बिनभोगवटा शुल्क हेही जमेलाच असतं. ती खाती आधी वेगळी काढा, नाहीतर ब-६ नं टेरेससाठी दिलेले पैसे त्याच्या फेब्रुवारीवर जाऊन बसतील.

रंकाळा_बाजू

मी गुपचूप वाचत होते. आमच्याकडे १ एप्रिललाच काही फ्लॅटची मागची बाकी होती. ती कुठं घालायची? एप्रिलमध्ये मिळवली तर एप्रिलचं येणं १८०० दिसतं, आणि लोक भांडतात.

शाहूपुरी_शीट

एप्रिलमध्ये मिळवू नका. समजा मागची बाकी १२०० आहे. त्या फ्लॅटच्या पहिल्या पावतीसमोर D मध्ये शून्याऐवजी -1200 हातानं लिहा. जमेची पट्टी १२०० मागून सुरू होईल, पहिले १२०० कुठल्याच महिन्यावर बसणार नाहीत, तो तुकडा मागच्या बाकीचा. त्यासाठी तक्त्यात "पूर्वीची बाकी" अशी वेगळी ओळ लिहा, म्हणजे पावतीची बेरीज जुळेल. आगाऊ आलेले असतील तर त्याच जागी अधिक आकडा.

रंकाळा_बाजू

आणि फ्लॅट मधेच विकला गेला असेल तर? आमच्या क-४ मध्ये डिसेंबरात नवीन लोक आले.

नागाळा_पार्क_ताई

आम्ही तक्त्यात नाव ठेवलंच नाही, फक्त फ्लॅट नंबर. नावं वेगळ्या यादीत, कुठल्या तारखेपासून कोण ते लिहून. छापताना तारीख बघून नाव जोडतो. एका कुटुंबाचे शेजारचे दोन फ्लॅट आहेत आणि ते एकाच पावतीवर भरतात, तिथं जमेच्या यादीत आम्ही त्या पावतीच्या दोन ओळी केल्या, पावती नंबर तोच.

कळंबा_रोड

चेकची जोडी काढली, अ-९ जुळला. टेरेसच्या दोन नोंदीही वेगळ्या केल्या. आता कीर्दीशी १६०० चा फरक उरलाय, तक्ता कमी आणि कीर्द जास्त. बँकेच्या उताऱ्यात ८०० च्या दोन यूपीआय जमा आहेत, पुढे फक्त मोबाइल कंपनीसारखं काहीतरी अगम्य नाव. फ्लॅट कुठला ते कळत नाही. आधीच्या खजिनदारांनाही आठवत नाही.

मंगळवार_पेठ

ज्यांचे दोन महिने राहिलेत त्यांचेच असणार की ते. ब-६ चे बरोबर १६०० बाकी आहेत. टाकून मोकळा हो.

खतावणी_काका

नको. आकडा जुळतो म्हणून नाव लावायचं नाही, महिना ८०० तर सगळ्यांचाच आहे. तक्त्यात फ्लॅटच्या जागी "अनोळखी" लिहून त्या दोन ओळी ठेवा. कीर्दीशी ताळा जुळेल आणि कुणाचीच बाकी चुकीची कमी होणार नाही. सभेच्या नोटिशीबरोबर तारखा आणि रकमा कळवा. ज्याचे असतील तो आपल्या मोबाइलमधला व्यवहार क्रमांक घेऊन येईल, तो बँकेच्या उताऱ्याशी ताडून बघा आणि मग ओळीतला फ्लॅट बदला.

कळंबा_रोड

तसंच करतो. आज रात्री नोटिशीचा मजकूर लिहितो. थकबाकीची यादी बोर्डावर नावानिशी लावावी की नुसत्या फ्लॅट नंबरनं, यावर आमच्या कमिटीत दोन तट आहेत.

उद्यमनगर_वसुली

नावानिशी. त्याशिवाय पैसे येत नाहीत.

नागाळा_पार्क_ताई

आम्ही प्रत्येकाला त्याच्या एकट्याच्या फ्लॅटचा उतारा बंद पाकिटात दिला आणि तपासायला पंधरा दिवस दिले. तीन जण जुन्या पावत्या घेऊन आले, त्यातली एक पावती आमच्या यादीत खरंच नव्हती. बोर्डावर आधीच लावलं असतं तर त्या घराला काय तोंड दाखवलं असतं?